वर्गोत्तम शुक्र आणि तुझं दुकान

प्रिय बाळ,

तुझा मेसेज रात्री वाचला. नागपूरच्या मिहानमधली नोकरी सोडून गोकुळपेठेत कपड्यांचं बुटीक काढायचं, कारण अ‍ॅपने ‘शुक्र वर्गोत्तम, लग्नही वर्गोत्तम, अत्यंत बलवान राजयोग’ असं छापून दिलं. बाबा नाही म्हणतात, आई रडते, आणि तू मला विचारतेस, ‘काका, शुक्र खरंच एवढा बलवान आहे का?’ हो, बलवान आहे. पण कशात बलवान, ते तुझ्या अ‍ॅपने सांगितलं नाही, आणि माझा सगळा राग त्यावरच आहे.

प्रत्येक राशीचे तीस अंश असतात. त्यांचे नऊ सारखे भाग केले की एकेक भाग 3 अंश 20 कलांचा होतो, तो नवमांश, आणि अशा प्रत्येक भागाला एकेक राशी दिलेली असते. ग्रह राशीकुंडलीत ज्या राशीत आहे तीच राशी नवमांशातही आली तर तो वर्गोत्तम. वराहमिहिराने बृहज्जातकात याची जागा ठरवून दिली आहे: चर राशीत पहिला नवमांश, स्थिर राशीत पाचवा, द्विस्वभाव राशीत नववा. म्हणजे प्रत्येक राशीत एकच आणि नवांपैकी एक. नऊ ग्रह धरले तर सरासरी एका पत्रिकेमागे एक वर्गोत्तम पडतो. राहू झाला तर केतूही झालाच, कारण दोघे कायम समोरासमोर असतात. तेव्हा एवढ्याने हुरळून जाऊ नकोस.

मग बलवान का म्हणायचं? राशीत ग्रह काय देऊ पाहतो ते दिसतं, आणि ते कितपत टिकेल ते नवमांशात तपासतात. बहुतेक ग्रहांचं राशीतलं आणि नवमांशातलं बोलणं जुळत नाही. राशीत उच्चीचा ग्रह नवमांशात शत्रूघरी बसतो आणि फळ अर्ध्यावर येतं. वर्गोत्तमात दोन्हीकडे राशी एक, राशीचा मालक एक आणि म्हणून स्वभावही एक. सातबारा आणि फेरफार दोन्हीवर एकच नाव असल्यासारखं. त्या नावाची जमीन काळीभोर आहे की मुरमाड, हे त्यावरून कळत नाही. वर्गोत्तमाने ग्रह ठाम होतो, गोड होत नाही. हे मी इतके वेळा बोललोय की घरचेही कंटाळलेत, तरी तुला पुन्हा सांगतो.

आता तुझा शुक्र. कन्येत 28 अंश 10 कला. कन्या ही पृथ्वीतत्त्वाची राशी, तिचे नवमांश मकरेपासून मोजायचे. अंशाला साठ कला, तेव्हा 28 अंश 10 कला म्हणजे 1690 कला. एका नवमांशाच्या 200 कलांनी भागल्यावर आठ पूर्ण होऊन नववा चालू आहे. मकरेपासून नववी राशी कन्या. वर्गोत्तम पक्का, आणि सीमेपासून दीड अंश आत, त्यामुळे काठावरचा संशयही नाही.

पण बाई, कन्या ही शुक्राची नीच राशी, जिथे तो सगळ्यात उतरलेला असतो ती! त्याचं परमनीच स्थान कन्येचा 27 वा अंश. 26 अंश 40 कलांपासून पुढचा तुकडा वर्गोत्तम, म्हणजे तो अंश नेमका त्यातच येतो. समोर मीनेचा 27 वा अंश त्याचं परमोच्च, तोही तिथल्या वर्गोत्तमातच. राहू-केतू सोडून सातही ग्रहांत ही गोष्ट फक्त शुक्राची आहे. बाकीच्यांचे परमोच्च-परमनीच अंश वर्गोत्तमाच्या बाहेर पडतात. म्हणून शुक्राबद्दल बोलताना ‘वर्गोत्तम’ एवढंच म्हणणारा माणूस एक तर घाईत असतो, नाही तर विकत असतो. तुझा शुक्र दोन्ही कुंडल्यांत नीचच आहे. ठाम आहे, गोड नाही.

लग्नाचं, म्हणजे जन्माच्या क्षणी पूर्वेला उगवत असलेल्या राशीचं, तर मी सरळ खोडतो. अ‍ॅपने तुझं लग्न कर्क 2 अंश दाखवलंय. मी बघितलं, त्यात जन्मगाव मुंबई पडलंय. मुंबईचा रेखांश 72 अंश 50 कला, नागपूरचा सुमारे 79 अंश 5 कला. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे पंचवीस मिनिटांचा फरक. लग्नाचा एक नवमांश सरासरी तेरा-चौदा मिनिटांत बदलतो. नागपूर घातल्यावर लग्न कर्केत साडेसात अंशांच्या आसपास येतं, म्हणजे तिसऱ्या नवमांशात, कन्येत. लग्न वर्गोत्तम नाहीच. ग्रहांना गाव बदलल्याने फरक पडत नाही, घड्याळ तेच असतं, म्हणून शुक्र जागचा हलला नाही. लग्न हललं. त्यातही तुझी जन्मवेळ आईच्या आठवणीतली, ‘दहाच्या थोडं नंतर’. त्या ‘थोडं’मध्ये नवमांश बसतो.

कोणीतरी तुला टिळक पंचांगाची पत्रिकाही काढून देईल, सांगून ठेवतो. त्याचा अयनांश, म्हणजे राशीचक्र कुठून मोजायचं तो आकडा, आपण वापरतो त्या लाहिरीपेक्षा सुमारे चार अंशांनी कमी. मग तुझा शुक्र सरकून तुळेत 2 अंशांवर येईल, स्वराशीत, आणि मजा म्हणजे तिथेही वर्गोत्तमच, कारण तूळ चर आणि तिचा पहिला नवमांश तूळ! एका पंचांगात नीच-वर्गोत्तम, दुसऱ्यात स्वगृही-वर्गोत्तम. हवं ते उत्तर मिळेपर्यंत पंचांग बदलणारे लोक मी खूप पाहिले. माझ्याकडे यायचे, मी लाहिरीच्या चित्रापक्षावरच बसून राहायचो, मग ते दुसरीकडे जायचे. एका स्थळाच्या पत्रिकेवरून नातेवाईकांनी वर्षभर माझ्याशी बोलणं टाकलं होतं. ‘थोडं गोड बोलला असतास तर काय बिघडलं असतं’ म्हणे. बिघडलं असतं, बाप्पा! एक पद्धत धर आणि त्यातलं कडू उत्तरही घे.

तर मग दुकान काढू नको, असं म्हणतोय का मी? नाही. रागाच्या भरात तेवढं वाचू नकोस. नीच वर्गोत्तम ग्रहाचा निकाल त्याच्या राशीस्वामीकडे लागतो, आणि इथे दोन्ही कुंडल्यांत तो बुधच. तुझा बुध तुळेत 8 अंशांवर, लग्नापासून चौथ्या घरात, म्हणजे केंद्रात. त्यामुळे नीचभंग होतो, म्हणजे नीचपणाचा दोष सुटतो. शिवाय बुध शुक्राच्या घरी आणि शुक्र बुधाच्या, असा परिवर्तन योगही आहे. तुला चौथ्या-अकराव्याचा मालक शुक्र तिसऱ्यात, म्हणजे लाभ स्वतःच्या हातांनी, रोजच्या खटपटीतून. पण तिसऱ्याच्या मालकाचं परिवर्तन म्हणजे जुन्या मतानुसार खलयोग: कधी चढ, कधी उतार. आणि तोच बुध तुझ्या बाराव्याचा, खर्चाचाही मालक आहे. नवमांशात तो धनूत जातो, तिथे परिवर्तन उरत नाही. म्हणजे आधार आहे, पण शुक्राइतका ठाम नाही. ठामपणा नीच ग्रहाकडे आणि सोडवणूक लवचीक ग्रहाकडे, अशी तुझी पत्रिका आहे. राजयोग वगैरे शब्द यात कुठून आला, ते त्या अ‍ॅपलाच विचार.

माझं म्हणणं असं की नोकरी ठेवून घरूनच आधी ब्लाऊज-ड्रेसच्या ऑर्डर घे. गोकुळपेठेतल्या गाळ्याचं भाडं आणि डिपॉझिट या शुक्राच्या भरवशावर भरू नकोस. पत्रिका मुंबई नाही, नागपूर घालून पुन्हा काढ आणि ती मला पाठव. आईला विचारून दवाखान्याचं जुनं कार्ड शोध. त्यावर जन्मवेळ लिहिलेली असते कधी कधी. ती मिळाली तर लग्नाचा नवमांश मी हाताने मांडून देतो.

तुझा,
काका