झोपेची गोळी पंधरा दिवसांचीच का देतात? (माझ्या आईच्या अनुभवावरून)

प्रश्न: «वडील ६८ वर्षांचे आहेत, दोन वर्षांपासून रात्री अल्प्राझोलाम घेतात. नेहमीच्या मेडिकलवाल्याने या वेळी चिठ्ठी जुनी आहे म्हणून गोळी दिली नाही. डॉक्टर पंधरा दिवसांचीच लिहून देतात आणि परत दाखवायला बोलावतात. बीपीची गोळी तीन महिन्यांची मिळते, मग हिलाच एवढी अडवणूक का? ऑनलाइन मागवली तर चालेल का?»

तुमची पोस्ट वाचली आणि २०१९ सालचा मीच डोळ्यांसमोर आलो. शब्दसुद्धा तेच होते, ‘अडवणूक’. मी डॉक्टर नाही, फार्मसिस्टही नाही. आईच्या आजारपणात जे शिकलो तेवढंच सांगतो. डोसचं जे काही लिहीन ते आमच्या आईपुरतं होतं, ते वडिलांना लावू नका.

सगळ्यात आधी एक गोष्ट. दुकानदाराने नाही म्हटलं म्हणून आज रात्रीपासून गोळी बंद, असं कृपा करून होऊ देऊ नका. घरात किती गोळ्या उरल्यात ते मोजा आणि त्या संपायच्या आत डॉक्टरांकडे जा. मी हे का सांगतोय ते पुढे कळेल.

माझे वडील २०१५ साली गेले. आईला झोप लागेना म्हणून आमच्या फॅमिली डॉक्टरांनी अल्प्राझोलाम ०.२५ मिग्रॅ, रात्री एक, दहा दिवसांसाठी लिहून दिली आणि खाली ‘नंतर दाखवा’ असं लिहिलं. आम्ही दाखवलं नाही. दहा दिवसांनी आई म्हणाली, गोळीने बरं वाटतं. मी तीच चिठ्ठी घेऊन दुकानात गेलो, ओळखीच्या माणसाने गोळ्या दिल्या, आणि तेच चालू राहिलं. वर्ष-दीड वर्षाने आई म्हणू लागली की हल्ली लागत नाही. गोळी ०.५ ची झाली. पुढे ०.५ च्या दोन झाल्या. म्हणजे चार वर्षांत चौपट, आणि त्यातली एकही वाढ कोणा डॉक्टरने समोर बसवून, तपासून केलेली नव्हती.

बीपीच्या गोळीशी तुलना मीही करायचो. फरक इथे आहे. बीपीची गोळी साधारण त्याच डोसवर महिनोन् महिने तेच काम करते. झोपेच्या गोळीची शरीराला काही आठवड्यांतच सवय व्हायला लागते, तेवढ्या डोसने पूर्वीसारखी झोप येत नाही. मग ती बंद केली, की मूळच्यापेक्षाही वाईट झोप काही रात्री येते, जीव घाबरतो, अंगाला कंप सुटतो. घरच्यांना वाटतं, बघा, गोळीशिवाय हिला झोपच नाही. प्रत्यक्षात तो गोळी सुटल्याचा त्रास असतो. मूळचं दुःख किंवा काळजी तोवर ओसरलेलीही असू शकते. आजार कुठला आणि गोळीचा परिणाम कुठला, हे घरात बसून ओळखता येत नाही. म्हणून ही औषधं मुळात दोन ते चार आठवड्यांसाठीच द्यावीत असा सल्ला असतो, आणि पुढची तारीख त्या चिठ्ठीचाच भाग असते. पंधराव्या दिवशी डॉक्टरांना बघायचं असतं की डोस तेवढाच आहे ना, सकाळी गुंगी राहते का, तोल जातो का, विसरायला होतं का. साठीपुढच्या माणसाला रात्री लघवीला उठताना या गोळीने तोल जाऊन खुब्याचं हाड मोडण्याची भीती असते, ती वेगळीच.

दुकानदाराचंही ऐकून घ्या. अल्प्राझोलाम, नायट्राझेपाम, डायझेपाम, झोल्पिडेम ही औषधं शेड्यूल एच-१ मध्ये आहेत. हा नियम १ मार्च २०१४ पासून लागू आहे. यांच्या प्रत्येक विक्रीची वेगळ्या रजिस्टरला नोंद करावी लागते: डॉक्टरचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध आणि किती दिलं. ते रजिस्टर तीन वर्षं जपून ठेवायचं आणि औषध निरीक्षक आले की दाखवायचं. शिवाय मूळ नियम असा आहे की डॉक्टरने ‘पुन्हा द्यावे’ असं लिहिलेलं नसेल, तर एका चिठ्ठीवर औषध एकदाच द्यायचं आणि दिल्याची तारीख, दुकानाचं नाव चिठ्ठीवर टाकायचं. मी हे सगळं ‘त्याचा माल आहे, मग द्यायला काय जातं’ असं समजत होतो. त्याचा परवाना जातो.

आता माझी चूक, जी सगळ्यात महाग पडली.

२०१८ मध्ये ओळखीच्या दुकानदाराने हात वर केले. मग कोणीतरी एका दवाखान्याबद्दल सांगितलं. नाव घेत नाही. तिथे जुना कागद खिडकीत द्यायचा, थोडी फी भरायची, आणि अर्ध्या तासात तीच औषधं नव्या तारखेच्या कागदावर सहीशिक्क्यासह मिळायची. आई कधी तिथे गेलीच नाही. चौदा महिने तिला तिथल्या एकाही डॉक्टरने पाहिलं नाही. मला ती तेव्हा सोय वाटायची. आज त्या खिडकीचा मला मनापासून राग येतो, कारण कागदावर सगळं नियमाने होतं आणि ज्या कामासाठी तो नियम आहे तेवढंच नेमकं होत नव्हतं.

त्या कागदावर ०.५ ची एक गोळी, तीस दिवस, असं असायचं. आईला लागायच्या दोन. म्हणून मी मूळ कागद एका दुकानात दाखवायचो आणि त्यावर शिक्का पडायच्या आधी काढलेली झेरॉक्स दुसऱ्या दुकानात. दोन्ही रजिस्टरांत तीस-तीस गोळ्या बरोबर नोंदलेल्या होत्या. आई रोज १ मिग्रॅ घेते हे मात्र जगात कुठेच लिहिलेलं नव्हतं.

२०१९ च्या गणपतीत आम्ही गावी गेलो. दोनच दिवसांच्या गोळ्या बरोबर होत्या. तालुक्याच्या दुकानात झेरॉक्स चालली नाही, आणि मला वाटलं, तीन-चार रात्री झोप नाही लागली तर काय बिघडतं. दुसऱ्या दिवशी आईचे हात थरथरू लागले, घाम फुटला. मी साखर कमी झाली समजून चहा-बिस्किटं दिली. रात्री ती दाराशी माणसं उभी आहेत म्हणू लागली. तिसऱ्या दिवशी पहाटे तिला आकडी आली. त्याआधी आयुष्यात कधीच आली नव्हती.

रुग्णालयात विचारलं, चालू औषधं कोणती? मी खिशातला कागद पुढे केला. ०.५, रात्री एक. दोन गोळ्यांचं बोललो नाही, कारण दुसऱ्या दुकानाचं सांगावं लागलं असतं. आणि गोळ्या संपल्यात हे महत्त्वाचं आहे असं मला वाटलंच नाही. आकडी थांबवायला इंजेक्शन दिलं, मग मेंदूचा सीटी स्कॅन, सोडियम, साखर, सगळ्या तपासण्या झाल्या. काहीच सापडेना. दुसऱ्या रात्री परत कंप सुरू झाला तेव्हा ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सरळ विचारलं, ‘झोपेची शेवटची गोळी कधी घेतली होती?’ तेव्हा मी सगळं खरं सांगितलं. त्यानंतर उपचाराची दिशाच बदलली. मधला दीड दिवस माझ्या गप्प बसण्याने गेला. आईची स्मृती त्या चार-पाच दिवसांपुरती कोरी आहे. ती अजून विचारते, गौरी कधी बसल्या होत्या?

पुढे मानसोपचारतज्ज्ञांनी गोळी सोडवली. एकदम नाही. १ मिग्रॅवरून आठव्या हिश्श्याने, म्हणजे ०.२५ च्या अर्ध्या गोळीने, सुरुवात केली. प्रत्येक उतरणीनंतर दोन-तीन आठवडे थांबायचं, दाखवायचं, मगच पुढची. अर्ध्या डोसच्या खाली गेल्यावर पावलं आणखी लहान केली, कारण तिथे तेवढीच अर्धी गोळी म्हणजे उरलेल्या डोसचा मोठा वाटा असतो. दोनदा मध्येच थांबावं लागलं. साडेनऊ महिने लागले.

त्या भेटींत काय सापडलं ते ऐका, म्हणजे परत दाखवायला का बोलावतात ते कळेल. पहिल्या भेटीत डॉक्टरांनी आईला भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकोनात रोज झोपायची आणि उठायची वेळ लिहायला सांगितली. दोन आठवड्यांनी दिसलं की आई साडेआठला अंथरुणावर पडते आणि तीनला उठून बसते, वर दुपारी दोन तास झोपते. म्हणजे झोप जवळपास पुरी होती, फक्त भलत्या वेळी होती. दुसऱ्या भेटीत त्यांनी सगळी औषधं पिशवीतून टेबलावर ओतायला लावली. बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध होतं आणि आई ती रात्री घ्यायची, म्हणून तीनदा उठणं व्हायचं. ती गोळी सकाळी केली. गुडघ्यासाठी दिलेली ट्रामाडोलही तिथेच सापडली. झोपेच्या गोळीबरोबर ती घेतली तर श्वास मंदावू शकतो. ती बदलली. चार वर्षांत हे कुणी पाहिलं नव्हतं, कारण पाहायची वेळच आम्ही येऊ दिली नव्हती.

ऑनलाइनचं विचारलंत. टेलिमेडिसिनचे मार्च २०२० चे नियम आहेत. त्यानुसार अंमली आणि मनावर परिणाम करणाऱ्या पदार्थांच्या कायद्यातली औषधं फोनवर किंवा व्हिडिओवर तपासून लिहून देता येत नाहीत, आणि अल्प्राझोलाम त्यातलंच आहे. त्यामुळे चिठ्ठीशिवाय घरपोच देतो म्हणणाऱ्याकडून घेऊ नका. पाकिटात काय आहे हे तुम्हाला तपासता येणार नाही.

माझं मत थोडं कडक आहे, पण सांगतो: जो डॉक्टर न बघता तीन महिन्यांची झोपेची गोळी लिहून देतो, त्याच्यापेक्षा पंधरा दिवसांनी बोलावणारा बरा. तुमच्या डॉक्टरांना खेपांचा त्रास सांगा, अंतर किती वाढवता येईल ते तेच ठरवतील. प्रवास असेल तर आधीच तारखा सांगा, म्हणजे तेवढ्या दिवसांचं प्रमाण ते चिठ्ठीवर लिहून देतील. पुढची भेट गोळ्या संपायच्या तीन-चार दिवस आधीची घ्या, रविवार आणि सण मध्ये येतात. आणि शेजारच्या काकूंच्या डब्यातली गोळी उसनी आणू नका. आमच्या इमारतीत हे सर्रास चालतं.

जाताना वडिलांनी प्रत्यक्षात किती गोळ्या घेतल्या ते कागदावर लिहून न्या. चिठ्ठीवर किती आहे ते नाही, खरं किती ते. रात्री कधी अर्धी जास्त घेतली असेल, कधी थोडी दारू घेत असतील, तर तेही लिहा. ते जोरात घोरतात का, मध्येच श्वास अडकल्यासारखा वाटतो का, हे घरच्यांना विचारून ठेवा. आमच्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत ते विचारलं होतं आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं.