व्हॉट्सॲप काढून टाकलं, तरी गुगलचं स्टोरेज फुलच दाखवतंय

प्रश्न: मी ऐरोलीला राहते. अँड्रॉइड फोन आहे. गुगलचं १५ जीबी स्टोरेज भरलं म्हणून मेल यायचे बंद झालेत. जास्त जागा व्हॉट्सॲपच्या बॅकअपने खाल्लीये, म्हणून ॲपच अनइन्स्टॉल केलं. फोनमध्ये जागा झाली, पण गुगलचा आकडा आहे तिथेच आहे. बॅकअप गेला की नाही?

उत्तर: नाही, गेलेला नाही. आणि तुम्ही ॲप काढलंय, त्यामुळे तुमच्या जुन्या गप्पांची पूर्ण प्रत बहुतेक आता तिथेच उरली असेल. म्हणून हे वाचून होईपर्यंत काही डिलीट करू नका.

गेल्या दिवाळीत नौपाड्याला माझ्या मामाकडे हेच झालं होतं. सोसायटीच्या मेंटेनन्स बिलाचा मेल त्याला मिळेना, आणि पाठवणाऱ्याला मेल परत आल्याची सूचना जात होती. जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज या तिघांची मिळून १५ जीबीची एकच हद्द असते. मामाच्या खात्यात जीमेलचे २.२, फोटोंचे ३.५ आणि व्हॉट्सॲप बॅकअपचे ९.३ जीबी होते, म्हणजे बरोबर १५. पूर्वी व्हॉट्सॲपचा बॅकअप या हिशेबात धरत नव्हते. २०२४ पासून तो सगळ्यांसाठी धरला जाऊ लागला, म्हणून वर्षानुवर्षं निवांत असलेली खाती अचानक भरलेली दिसू लागली. मोबाइलच्या दुकानात कोणीतरी मामाला सांगितलं, 'ॲप उडवा, जागा होईल.' त्याने उडवलं. फोनमध्ये जागा झाली, पण १५ चे १५ तसेच राहिले.

याचं कारण असं, की फोनचं स्टोरेज आणि गुगलचं स्टोरेज या दोन वेगळ्या जागा आहेत. ॲप अनइन्स्टॉल केलं की फोनमधलं ॲप आणि त्याचा खाजगी डेटा पुसला जातो. बॅकअपची फाइल मात्र तुमच्या गुगल खात्यात, दूरच्या सर्व्हरवर असते. तो बॅकअप ठेवलेलाच असतो फोन हरवला, बिघडला किंवा ॲप निघालं तरी गप्पा परत मिळाव्यात म्हणून. ॲपबरोबर तोही गेला असता तर ठेवून उपयोग काय? म्हणून ॲप काढलं तरी तो तिथेच जागा अडवून बसतो.

आता मी डिलीट करू नका म्हटलं त्याबद्दल. मामाला घाई होती, 'आत्ताच्या आत्ता काढ' म्हणाला. मी त्याला एवढंच विचारलं, आजीचे व्हॉइस मेसेज कुठे आहेत? आजीला जाऊन दोन वर्षं झाली होती. ती टाइप करायची नाही, रोज सकाळी बोलून पाठवायची. ते सगळे त्या ९.३ जीबीतच होते. मामा गप्प झाला.

म्हणून आम्ही आधी ॲप पुन्हा टाकलं. नंबर तोच आणि फोनमधलं गुगल खातंही तेच ठेवलं. नंबरची खात्री झाल्यावर बॅकअप सापडल्याचा स्क्रीन आला, त्यावर तारीख आणि आकार लिहिलेला होता. तिथे `Restore` दाबलं. एवढं सगळं उतरायला वायफायवरही बराच वेळ गेला, तोवर फोन चार्जिंगला लावून ठेवला. मग आजीची चॅट उघडली, वरच्या तीन टिंबांतून `More`, `Export chat` असं जाऊन मीडियासकट ती बाहेर काढली आणि लॅपटॉपवर ठेवली. फायली उघडून दोन-तीन मेसेज ऐकले. आवाज नीट येतोय याची खात्री झाल्यावरच पुढे गेलो. मीडियासकट एक्स्पोर्ट करताना मेसेजच्या संख्येला मर्यादा असते आणि फक्त अलीकडचे मेसेज येतात. फार लांब चॅट असेल तर सुरुवातीचे मेसेज आलेत का, ते पाहा. तुम्हाला जपण्यासारखं काही नसेल, तर हा सगळा भाग सोडून द्या.

यानंतर क्रम महत्त्वाचा. ॲप ठेवणार असाल तर आधी बॅकअप बंद करा, नाहीतर आज काढलेला बॅकअप ठरलेल्या वेळी पुन्हा चढतो. ॲपमध्ये `Settings`, `Chats`, `Chat backup` असं जा. खाली कुठल्या गुगल खात्यावर बॅकअप जातोय ते लिहिलेलं असतं. ते खातं कागदावर लिहून घ्या आणि मग बॅकअप किती दिवसांनी घ्यायचा, तिथे बंदचा पर्याय निवडा.

मग गुगल ड्राइव्हचं ॲप उघडा, डावीकडचा मेनू, त्यात `Backups`. व्हॉट्सॲपच्या नावाची ओळ दिसेल, तिच्या बाजूच्या तीन टिंबांवर `Delete backup`. हा बॅकअप ड्राइव्हच्या साध्या फायलींमध्ये दिसत नाही, त्यामुळे तिथे शोधत बसू नका. कॉम्प्युटरवरून करायचं असेल तर हा पत्ता:

```
drive.google.com/drive/backups
```

बहुतेकांची गाडी अडते ती इथेच. मामाच्या ड्राइव्हमध्ये `Backups` रिकामं दिसलं आणि तो म्हणाला, 'बघ, गेला की!' गेला नव्हता. फोन घेताना दुकानदाराने एक नवं जीमेल खातं काढून दिलं होतं आणि ड्राइव्ह त्या खात्यात उघडलं होतं. बॅकअप होता जुन्या खात्यात. वर उजवीकडे गोल चित्रावर टॅप करून खातं बदललं, आणि ९.३ जीबी समोर दिसले. तुमच्या फोनवर दोन खाती असतील तर दोन्हीकडे बघा. पूर्वी दुसरा नंबर वापरत असाल तर त्याचाही बॅकअप पडून असू शकतो.

डिलीट केलेला बॅकअप कचरापेटीत जात नाही, परत आणता येत नाही. बॅकअपला पासवर्ड लावला होता आणि तो विसरलात, तर गप्पा परत मिळणार नाहीत. पण जागा मोकळी करायला पासवर्ड लागत नाही, ती फाइल तरीही काढता येते.

काम झालं का, ते `Backups` मधून ओळ गेली आणि गुगलच्या स्टोरेजचा आकडा उतरला की कळतं. आकडा लगेच उतरेलच असं नाही. मामाचा दुसऱ्या दिवशी सकाळी ५.७ वर आला आणि मेल पुन्हा यायला लागले. पण आधी परत गेलेले मेल आपोआप येत नाहीत, बिल सोसायटीला पुन्हा पाठवायला सांगावं लागलं.

फोनमध्येही रोजची एक प्रत बनत असते, ती `Android/media/com.whatsapp` मधल्या `Databases` फोल्डरमध्ये. गुगलवरची काढल्याने ती जात नाही. फोन विकायचा किंवा कोणाला द्यायचा असेल तर तो फोल्डर उरलाय का ते बघा, किंवा सरळ फॅक्टरी रिसेट करा.

बॅकअप ठेवायचाच असेल, फक्त आकार कमी हवा असेल, तर `Chat backup` मध्ये व्हिडिओ घेण्याचा पर्याय बंद करा, ग्रुपमधले नको ते व्हिडिओ आधी ॲपमधून काढा आणि मग एकदा हाताने बॅकअप घ्या. नुसते ॲपमधून व्हिडिओ काढले तर पुढचा बॅकअप होईपर्यंत गुगलवर जुनाच, मोठा बॅकअप राहतो.

एक वेगळा पर्याय `Delete account` चाही दिसेल. त्याने अँड्रॉइडवरचा गुगल बॅकअपही जातो, पण त्याबरोबर तुम्ही सोसायटी, ऑफिस, माहेरचे सगळे ग्रुप सोडून बाहेर पडता. फक्त जागेसाठी तो वापरू नका.