व्हिसाचं पहिल्याच कॉलवर विचार

परदेशातल्या नोकरीसाठी रिक्रूटरचा पहिला कॉल साधारण पंधरा-वीस मिनिटांचा असतो. भूमिकेची माहिती झाली की लगेच विचार: "मला तिथे काम करायला वर्क व्हिसा लागेल. या जागेसाठी कंपनी स्पॉन्सर करते का?" यातला 'या जागेसाठी' हा भाग गाळू नकोस. कंपनी स्पॉन्सर करत असली तरी प्रत्येक पदाला करेलच असं नाही. पगार किंवा कामाचा प्रकार व्हिसाच्या नियमात बसला नाही, तर तिची इच्छा असूनही उपयोग नसतो.

"ऑफरच्या वेळी बघू" असं उत्तर आलं तर ते 'हो' धरू नकोस. बऱ्याचदा रिक्रूटरलाच माहीत नसतं, आणि तो बाहेरच्या एजन्सीचा असेल तर हमखास. त्याला एचआरकडून ईमेलवर उत्तर आणायला सांग, तांत्रिक फेरीच्या आधी. ब्रिटनसाठी अर्ज करत असशील तर परवानाधारक स्पॉन्सर कंपन्यांची यादी सरकारच प्रसिद्ध करतं, ती आधीच पाहून ठेव.

स्थलांतराच्या खर्चाचं मात्र पहिल्या कॉलवर एवढंच विचार: मदत आहे का, आणि ती रोख मिळते की बिलं दाखवून? 'बिलं दाखवून' म्हणजे तिकीट, घराचं डिपॉझिट हे आधी तुझ्या खिशातून. रकमेची घासाघीस ऑफर हातात आल्यावर कर. तेव्हाच करारात बघ, ठरावीक मुदतीआधी नोकरी सोडली तर किती पैसे परत द्यावे लागतील. हे कलम बहुतेकदा असतं आणि रिक्रूटर ते आपणहून क्वचितच सांगतो.