रोबोटिक्स टीमचं नाव आणि मॅस्कॉट: आधी छपाईचा विचार करा

प्रश्न: आमच्या शाळेची टीम यंदा पहिल्यांदा फर्स्ट टेक चॅलेंजमध्ये उतरतेय. नाव आणि मॅस्कॉट कसा ठरवावा, म्हणजे टी-शर्टवर आणि बॅनरवर नीट दिसेल?

नावाच्या यादीतून 'रोबो', 'टेक' आणि 'सायबर' असलेली नावं आधी काढून टाका. अशा स्पर्धेत ती इतकी असतात की निवेदकाने माइकवर पुकारलं तरी कुणाच्या लक्षात राहत नाही. प्राणी घ्यायचा तर गरुड आणि वाघही नकोत, त्याच कारणासाठी.

समजा, तुम्ही 'शेकरू' घेतलं. महाराष्ट्राचा राज्यप्राणी, नाव तीन अक्षरी, जोडाक्षर नाही, रोमनमध्ये Shekru लिहिलं तरी परराज्यातला निवेदक अडखळणार नाही. शिवाय धडापेक्षाही लांब शेपटी, त्यामुळे नुसत्या काळ्या आकृतीवरूनही प्राणी ओळखू येतो. मॅस्कॉटची खरी परीक्षा हीच: चित्र एका रंगात भरा, आठ सेंटिमीटर रुंदीत छापा, भिंतीला लावा आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाहून ज्याला माहीत नाही अशा कुणाला तरी विचारा. उत्तर 'मांजर?' आलं तर शेपटी आणि कानावरचे झुपके वाढवा. डोळ्यांतली चमक वगैरे नंतर.

चित्र काढणारी मुलं शेपटीचा एकेक केस रंगवतात. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये फार बारीक रेषा शाईने भरून जातात किंवा उमटतच नाहीत. म्हणून शेपटी एकसंध ठेवून तिच्यात दोन-तीन रुंद फटी सोडा. प्रत्येक रंगाला वेगळी स्क्रीन लागते आणि तिचा खर्च वीसेक शर्टांवरच विभागला जातो, तेव्हा दोन रंगांत भागवा. डीटीएफमध्ये, म्हणजे फिल्मवर छापून उष्णतेने कापडावर चिकटवण्याच्या पद्धतीत, हवे तितके रंग मिळतात, पण छातीवर मोठा चौकोन छापला तर एप्रिलमध्ये घामाने नकोसा होतो.

रंगांत एक अडचण आहे. शेकरूची पाठ गडद तांबडी-तपकिरी असते, ती काळ्या किंवा गडद हिरव्या शर्टावर दिसेनाशी होते. अंग क्रीम रंगाने भरा आणि पाठीचा पट्टा तेवढा तपकिरी ठेवा. लाल-निळा मात्र टीमचा रंग करू नका. ते अलायन्सचे, म्हणजे सामन्यात एकत्र खेळणाऱ्या टीमच्या बाजूचे रंग, सामन्यागणिक बदलतात. निळ्या बाजूला खेळणाऱ्या रोबोवर लाल सजावट असली की बघणारा गोंधळतो.

बॅनरसाठी ढोबळ हिशोब असा: तीन मीटर अंतराला अक्षराची उंची अडीच सेंटिमीटर. बारा मीटरवरून वाचायचं तर दहा. देवनागरीत ही उंची मात्रा आणि उकार सोडून, शिरोरेषेपासून खालपर्यंत मोजा; फ्लेक्सवाला सगळं धरून मोजतो आणि अक्षर बारीक होतं. फाइल देताना अक्षरं कर्व्ह्जमध्ये, म्हणजे फाँट न लागणाऱ्या आकारांत, बदलून द्या, नाहीतर त्याच्या संगणकावर फाँट नसला की 'रू'चा उकार भलतीकडे जातो.

शर्टाच्या पाठीवर नावापेक्षा टीम क्रमांक मोठा छापा. नाव पुढे बदलता येतं, क्रमांक तोच राहतो आणि सामन्यांच्या वेळापत्रकात लोक तोच शोधतात.