चार कामं झाली, शिफारस एकही नाही

*नमस्कार मॅडम. मी नाशिकला इंदिरानगरमध्ये राहते. बी.आर्क. झाल्यावर दोन वर्षं एका ऑफिसात नोकरी केली, आता वर्षभर स्वतःची कामं घेते. एका डॉक्टरांचं दातांचं क्लिनिक, अंबडला एका कारखान्याचं ऑफिस, गंगापूर रोडला एका बंगल्याचं नूतनीकरण आणि पुण्याच्या एका आर्किटेक्टना वर्किंग ड्रॉइंग्ज, एवढं झालं. लिंक्डइनवर प्रोफाइल आहे, पण शिफारस एकही नाही. मागायला संकोच वाटतो. बंगल्याचे काका तर लिंक्डइनवर नाहीतच. मैत्रिणी म्हणतात, आपणच एकमेकींना लिहून टाकू. काय करू?*

मैत्रिणींचा बेत आधी बाजूला ठेवा. लिंक्डइनवर प्रत्येक शिफारशीसोबत लिहिणाऱ्याचं नाव, पद, तारीख आणि तुमचं-त्यांचं कामातलं नातं दिसतं. शिवाय मिळालेल्या शिफारशी आणि दिलेल्या शिफारशी शेजारी-शेजारीच असतात. एकाच आठवड्यात तिघी वर्गमैत्रिणींनी एकमेकींचं कौतुक केलेलं असेल, तर पाहणाऱ्याला काय ते लगेच कळतं, आणि मग पुढची खरी शिफारसही तो त्याच नजरेनं वाचतो. एखाद्या मैत्रिणीबरोबर तुम्ही खरंच एखादं काम मिळून केलं असेल तर गोष्ट वेगळी.

मागण्याआधी प्रोफाइलमध्ये एक दुरुस्ती करून घ्या. शिफारस तुमच्या कुठल्या तरी पदाला जोडली जाते, म्हणून Experience मध्ये स्वतःच्या व्यवसायाची नोंद आधी हवी. तिथे कामाचा प्रकार Freelance किंवा Self-employed निवडा आणि सुरुवातीचा महिना टाका. चार क्लायंट म्हणजे चार नोकऱ्या अशा नोंदी करू नका. बरेच फ्रीलान्सर ही चूक करतात आणि वर्षात चार ठिकाणं सोडल्यासारखं दिसतं. नोंद एकच ठेवा, कामं त्याखाली वर्णनात लिहा. नावापुढे ‘आर्किटेक्ट’ लावण्यासाठी कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरची नोंदणी लागते, हे तुम्हाला माहीत असेलच. नोंदणी चालू आहे ना, तेवढं पाहून घ्या, कारण उद्या क्लायंटही तुम्हाला लेखी ‘आर्किटेक्ट’ म्हणणार आहे.

आता मागायचं कोणाकडे आणि कधी. तुमची ड्रॉइंग्ज आणि फोटो पाहून डिझाइन कसं आहे ते कळतं. साइट चालू असताना तुम्ही कशा वागता, अडचण आली की काय करता, ठेकेदाराला वेळेवर उत्तर देता का, हे मात्र फोटोत दिसत नाही. शिफारस याच गोष्टींसाठी घ्यायची, म्हणून प्रत्येकाकडून वेगळी बाजू यायला हवी. कारखान्याच्या मालकांकडून साइट सांभाळणं, पुण्याच्या आर्किटेक्टकडून ड्रॉइंगची अचूकता, डॉक्टरांकडून रोजच्या वापराचा अनुभव, आणि जुन्या ऑफिसमधल्या साहेबांकडून तुम्ही नोकरीत नेमकं काय हाताळत होता ते. चौघांनी चार वेगळ्या गोष्टी सांगितल्या की पुरे. पुण्याच्या कामात एक सावधगिरी बाळगा. तिथे क्लायंट त्यांचा आहे, तुमचं नाव त्या प्रकल्पाशी जाहीरपणे जोडलेलं त्यांना चालेल का ते विचारा. चालत नसेल तर प्रकल्पाचं नाव न घेता फक्त ड्रॉइंग सेटबद्दल लिहायला सांगा.

वेळ अशी निवडा की शेवटचं बिल मिळालेलं असेल, पंचलिस्टमधली, म्हणजे शेवटी राहिलेली किरकोळ कामं आटोपलेली असतील आणि क्लायंट तीन-चार आठवडे ती जागा वापरत असेल. फी येणं बाकी असताना शिफारस मागितली तर ती सौद्यातली एक बाब वाटते, आणि कधी कधी क्लायंटही तशीच वापरतो. उलट वर्ष उलटलं की तपशील पुसट होतो आणि ‘छान काम’ एवढंच उरतं. बंगल्याचं मात्र वेगळं. तिथे गच्चीचं वॉटरप्रूफिंग असेल तर एक पावसाळा जाऊ द्या. मे महिन्यात केलेल्या गच्चीचं मे महिन्यातलं कौतुक नाशिककर मनावर घेणार नाहीत.

संकोच वाटतो तो बहुतेक ‘माझ्याबद्दल काहीतरी लिहा ना’ असं मोघम मागावं लागतं म्हणून. कामाबद्दल नेमकं मागितलं की तो बराच कमी होतो. आधी फोन किंवा व्हॉट्सॲपवर विचारा, हो म्हणाले की मगच लिंक्डइनवरून रीतसर विनंती पाठवा. त्यासाठी ती व्यक्ती तुमच्या थेट संपर्कात असावी लागते. प्रोफाइलमधल्या Recommendations विभागात Ask for a recommendation निवडायचं, त्यांचं नाव, कामातलं नातं आणि तुमचं त्या वेळचं पद भरायचं, आणि संदेश लिहायचा. नात्याच्या यादीत ‘क्लायंट’ हा पर्याय असतो, तोच घ्या. संदेशात आयतं तयार वाक्य असतं, ते पुसून टाका. त्या एका ओळीच्या वाक्याला उत्तरही एका ओळीचंच येतं.

अंबडच्या कामाचा तपशील तुमच्या पत्रात नाही, म्हणून असं धरू की शेडमध्ये मेझनाइन, म्हणजे मधला मजला टाकून त्यावर ऑफिस केलं आणि खाली उत्पादन चालू होतं. संदेश असा जाऊ शकतो:

> नमस्कार सर. ऑफिसचं काम पूर्ण होऊन महिना झाला. माझ्या प्रोफाइलवर या कामाबद्दल पाच-सहा ओळी लिहाल का? आठवणीसाठी तीन गोष्टी देते. खालचं उत्पादन चालू ठेवून मेझनाइन टाकला. दोन्ही ठेकेदारांचे दर कामांच्या एकाच यादीवर, म्हणजे बीओक्यूवर मागवले. एसीच्या डक्टला बीम आडवा आला तेव्हा ड्रॉइंग बदलून दिलं. यातलं तुम्हाला जे महत्त्वाचं वाटलं तेवढंच लिहा. खर्चाचा आकडा नको. मराठीत लिहिलंत तरी उत्तम. वेळ नसेल तर तसं सांगा, काही हरकत नाही.

यात गुणवर्णन कुठेच नाही, फक्त घटना आहेत. क्लायंटला आठवायला मदत होते आणि शब्द त्याचेच राहतात. आपल्याकडे हमखास येणारं उत्तर म्हणजे ‘तूच लिहून पाठव, मी टाकतो.’ पूर्ण मजकूर लिहून देऊ नका. चारही शिफारशी तुमच्याच भाषेत उतरतील आणि ते लपत नाही. त्यापेक्षा म्हणा, ‘सर, दोन मिनिटांचा व्हॉइस मेसेज पाठवा.’ ते बोलतील तसं टाइप करून त्यांना परत पाठवा, हवं ते बदलून ते स्वतःच्या खात्यातून टाकतील.

आलेली शिफारस तुम्ही मान्य केल्याशिवाय प्रोफाइलवर दिसत नाही. हा टप्पा घाईत उरकू नका. समजा मजकूर असा आला: ‘अतिशय हुशार आणि मेहनती आर्किटेक्ट. स्ट्रक्चरपासून इंटिरियरपर्यंत सगळं हिनंच केलं. महापालिकेची परवानगीही आणून दिली.’ ऐकायला गोड आहे, पण मेझनाइनचं स्ट्रक्चरल डिझाइन स्ट्रक्चरल इंजिनिअरचं होतं. हे तसंच लावलं तर दुसऱ्याचं काम तुमच्या नावावर जातं, आणि तो इंजिनिअरही तुमचं प्रोफाइल पाहणारच आहे. दुसरं म्हणजे अंबड औद्योगिक वसाहतीत बांधकामाची मंजुरी एमआयडीसी देते, महापालिका नाही. सातपूर-अंबडचा कोणीही कारखानदार हे वाचून थबकेल, आणि तुम्हाला पुढचं काम त्याच्याकडूनच हवंय.

मजकूर तुम्हाला बदलता येत नाही, पण सुधारणेची विनंती पाठवता येते. ती करताना ‘जरा नीट लिहा’ असं म्हणू नका. ‘सर, स्ट्रक्चरचं डिझाइन इंजिनिअरसाहेबांचं होतं आणि मंजुरी एमआयडीसीची होती, एवढ्या दोन जागा बदलाल का?’ इतकं पुरतं. शक्य झालं तर फोनवर विचारा की पहिल्या वाक्यातल्या ‘हुशार’च्या जागी एखादा प्रसंग येईल का. मग असं काही मिळू शकतं: ‘आम्हाला मशीन बंद ठेवायची नव्हती. म्हणून मेझनाइनची जड कामं रविवारी घेण्याचं वेळापत्रक तिनं करून दिलं. दोन ठेकेदारांचे दर एकाच यादीवर आल्यामुळे फरक कुठे आहे ते मला कळलं. काम दोन आठवडे लांबलं, कारण काच कुठली ते आम्हीच उशिरा ठरवलं.’ शेवटचं वाक्य काढायला सांगू नका. उशिराचं कारण क्लायंटनंच लिहिलंय, त्यामुळे आधीच्या ओळींवर वाचणाऱ्याचा विश्वास बसतो.

काकांचं. त्यांच्या नावानं तुम्ही किंवा त्यांच्या नातवानं खातं उघडून शिफारस टाकणं म्हणजे खोटेपणा, त्यात पडू नका. त्यांच्याकडून साध्या कागदावर तारीख-सहीनिशी पत्र घ्या. त्यात घराचा पूर्ण पत्ता आणि फोन नको, ‘गंगापूर रोड’ एवढं बस. पत्र जाहीर दाखवायला त्यांची परवानगी व्हॉट्सॲपवर लेखी घेऊन ठेवा, मग स्कॅन करून प्रोफाइलच्या Featured विभागात पीडीएफ लावा. पोर्टफोलिओतही त्याच बंगल्याच्या ड्रॉइंगशेजारी त्यातलं एक वाक्य घालता येईल, शब्द न बदलता.

प्रोफाइलवर शिफारशी बऱ्याच खाली असतात आणि पहिल्या एक-दोनच समोर दिसतात, बाकीच्या पाहायला आणखी एक क्लिक लागतं. क्रम तुमच्या मनासारखा लावता येत नाही, पण कुठली दाखवायची आणि कुठली झाकायची हे तुमच्या हातात असतं. त्यामुळे गुळमुळीत शिफारस झाकून ठेवायला हरकत नाही. आणि संपर्कांची साफसफाई करताना शिफारस देणाऱ्याला काढून टाकू नका. संपर्क तोडला की त्यांची शिफारस जाते आणि पुन्हा जोडल्यावर परत येत नाही.

आर्किटेक्टला आणखी एक बंधन आहे, जे ग्राफिक डिझायनरला नसतं. कौन्सिलच्या १९८९ च्या व्यावसायिक आचारनियमांत स्वतःच्या सेवांची जाहिरात करायला मनाई आहे. मोजके अपवाद आहेत. इमारतीवर नाव लावता येतं, तेही अक्षरांची उंची १० सेंटिमीटरपर्यंत. माध्यमांत कामाचं वर्णन आलेलं चालतं, पण त्यासाठी मोबदला द्यायचा नाही आणि घ्यायचा नाही. म्हणून शिफारशींची ‘नाशिकची नंबर एक आर्किटेक्ट’ अशी चित्रं करून पैसे भरून पसरवू नका, आणि शिफारशीच्या बदल्यात फीमध्ये सूटही देऊ नका. प्रोफाइलवर खऱ्या क्लायंटचे खरे शब्द कामाच्या वर्णनासोबत ठेवा आणि तिथेच थांबा.

सुरुवात जुन्या साहेबांपासून करा. त्यांच्याशी पैशाचा व्यवहार उरलेला नाही आणि अशी विनंती त्यांना नवी नसेल. ती शिफारस लागली की दोनेक आठवड्यांनी अंबड, मग क्लिनिक. तारखा दिसतातच, चारही एका दिवशी नकोत. विनंतीला आठ-दहा दिवसांत उत्तर नाही आलं तर एकदाच आठवण करा, तीही फोनवर. त्यानंतरही काही आलं नाही तर तो विषय सोडा आणि पुढचं काम संपेल तेव्हा त्या क्लायंटला विचारा.