भिशी कधी लागणार?

“लग्नाला सात वर्षं झाली. दर महिन्याला आईदादांना आठ हजार पाठवते, माझ्याच पगारातले. सासरी सांगितलेलं नाही. कळलं तर काय होईल, या विचाराने रात्री दोनला जाग येते. सांगू की नको?”

समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्या शिक्षिका हे विचारतात, नर्स विचारतात, बँकेतल्या मुली विचारतात. आकडा तेवढा बदलतो. म्हणून एकीची गोष्ट जरा सविस्तर सांगते. तिची परवानगी आहे. नाव-गाव बदललं आहे.

मेधा नाशिकला एका कंपनीत अकाउंट्स बघते. हातात ४६ हजार येतात, नवऱ्याच्या ५८. घराच्या कर्जाचा हप्ता साडेचोवीस हजार. सासरे नाहीत, सासूबाई यांच्याजवळच. माहेर तालुक्याच्या गावी. वडील, म्हणजे दादा, कारखान्यातून निवृत्त झालेले, पीएफची पेन्शन २,१४०. पूर्वी ती दोन-तीन हजार द्यायची, ते हातखर्चात खपून जायचे. वडिलांची अँजिओप्लास्टी झाली, रक्कम वाढली आणि लपवणं अवघड झालं.

“नवऱ्याला ठाऊक आहे?”

“अंदाज असेल. तो विचारत नाही, मी सांगत नाही.”

“मग दरमहा आठ हजार जातात कुठे, असं घरात कुणीच विचारत नाही?”

ती खाली बघत म्हणाली, “भिशी लावलीय म्हणून सांगितलंय.”

“किती जणींची?”

“वीस. सतरा महिने झाले.”

म्हणजे आणखी तीन महिन्यांनी एक लाख साठ हजार रुपये घरात यायला हवेत. हिशेबाचंच काम करणाऱ्या बाईला हे मी सांगायची गरज नव्हती. वर, आदल्याच आठवड्यात सासूबाईंनी विचारलं होतं, “भिशी कधी लागणार गं?” त्यांच्या पाटल्या झिजल्या होत्या. भिशी लागली की मोडून, वर थोडी भर घालून नव्या करू, असं त्यांच्या मनात होतं.

सुरुवातीला सगळ्या जणी माझ्याकडे एकच वस्तू मागतात: सासरच्यांना राग येणार नाही असं वाक्य. ते माझ्यापाशी नाही. मेधाही म्हणाली, “सासूबाईंना वाईट वाटताच कामा नये.”

“आणि वाटलं तर?”

“बोलणं बंद करतील.”

“आधी कधी केलं होतं?”

“नणंदेच्या डोहाळजेवणाला. साडीवरून. आठ दिवस.”

“त्या आठ दिवसांत तू काय केलंस?”

“काय करणार? डबे केले, ऑफिसला गेले.” बोलता बोलता तिचं तिलाच हसू आलं. माझ्या कामात मी या ‘च’च्या मागे फार लागते, ओळखीचे लोक त्यावरून चिडवतातही. पण ‘वाईट वाटू नये’ या इच्छेने कुणाची झोप उडत नाही, ‘वाटताच कामा नये’ने उडते.

मग मी तिला घरचं काम दिलं: आईदादांचा महिन्याचा खर्च नेमका किती, ते त्यांच्यासमोर बसून लिहून आण. आठ हजार हा आकडा आला कुठून, हे तिलाही धड माहीत नव्हतं. अशा घरांत बहुतेकदा कुणालाच ते माहीत नसतं, आणि सासरच्यांच्या भीतीचं अर्धं मूळ तिथे असतं.

ती आली ती मोबाईलवर एक फोटो घेऊन. खर्च विचारल्यावर दादांनी गादीखालून शंभर पानी वही काढली होती. पान उघडलेलं, निळ्या शाईतलं वळणदार अक्षर. दर महिन्याला एक ओळ: चि. मेधाकडून, उसने, ८,०००. उजवीकडे चढती बेरीज. पानाच्या तळाशी पेन्सिलीने लिहिलेलं, ‘जागेच्या हिश्शातून फेडणे.’

आमच्या पिढीपर्यंत मुलीच्या घरचं पाणीही न पिणारे वडील होते. हे दादा त्यातलेच, फक्त औषधांपुढे नाइलाज झालेले. मी तोवर या केसकडे सासू-सुनेची केस म्हणून बघत होते, हे कबूल करते. फोटो बघताना लक्षात आलं की सासूबाई अजून या गोष्टीत आलेल्याच नाहीत. बाप ‘उसने’ लिहितो, मुलगी ‘भिशी’ सांगते. लेकीचा पैसा सरळ नावाने माहेरी जाऊ शकतो, हे दोघांनाही पटलेलं नाही.

मी विचारलं, “तुझ्या मनातल्या वहीत ही रक्कम कोणत्या खात्यावर पडते?”

ती बराच वेळ गप्प होती. माझा चहा निवला, पण मी मध्ये बोलले नाही. बावीस वर्षांत एवढं मी नक्की शिकलेय.

“चोरी,” ती म्हणाली.

“कुणाकडे केलीस?”

“घरात.”

“घरखर्चाला किती देतेस?”

“पंचवीस हजार. एक तारखेला.”

“कधी चुकलंय?”

“नाही.”

“उरलेले कुणाचे?”

उत्तर तिने दिलं नाही. माझ्या टेबलावरचा कागद ओढला आणि अकाउंट्सवाल्या सवयीने रेघ मारून लिहिलं: आईदादा, औषधं व घरखर्च, ८,०००. मग तोच कागद पुढे चालवला. किराणा, वीज, गॅस, दूध मिळून ८,९००. औषधं ३,८००. एकूण १२,७००. पेन्शन आणि ठेवीचं व्याज मिळून ४,७४०. तूट ७,९६०. आठ हजार बरोबर होते. पण आता त्या आकड्याला पाया होता.

कायदा मी त्यानंतर सांगितला. विवाहित मुलीवरही आईवडिलांच्या पोटगीची जबाबदारी येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८७ साली महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात स्पष्ट केलं. अट अशी, की नवऱ्याच्या उत्पन्नाशिवाय तिच्याकडे स्वतःचं पुरेसं उत्पन्न हवं. २००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यातही अपत्य म्हणजे मुलगा आणि मुलगी दोन्ही. लग्न झालेली की न झालेली, असा भेद नाही. हे तिने स्वतःच्या पाठीच्या कण्यासाठी ऐकावं, स्वयंपाकघरात कलम म्हणून फेकू नये, एवढं मी बजावलं. कलम फेकलं की समोरचा माणूस कुटुंबातला राहत नाही, प्रतिवादी होतो.

पुढच्या वेळी मेधाचा नवरा अमित आला. चांगला, अबोल मुलगा. “मी आईला सांगतो,” म्हणाला. मी नको म्हटलं. मुलगा सांगतो तेव्हा आईला ‘हिने याला शिकवून पाठवलं’ असं ऐकू येतं. पैसा जिचा, तोंड तिचं. अमितने फक्त तिथे बसायचं. पाणी आणायला उठायचं नाही, फोन बघायचा नाही आणि विचारलं तर ‘मला मान्य आहे’ एवढंच म्हणायचं. त्याने दोनदा विचारलं, “एवढंच?”

सासरचा राग बहुतेक वेळा चालू रकमेवर नसतो, तो पुढच्या अंधारावर असतो. आज आठ, उद्या ऑपरेशन निघालं तर? कर्जाचा हप्ता चुकला तर? आणि न बोललेला तिसरा प्रश्न, माझं म्हातारपण आलं तेव्हा हिच्या हातात काय उरणार? म्हणून बोलायला बसण्याआधी आम्ही वरची मर्यादा ठरवली. महिना आठ हजार, दर एप्रिलला फेरविचार, मध्ये वाढ नाही. दवाखान्याची भीती वेगळी हाताळली. दादा एकाहत्तरचे, म्हणजे सत्तरीपुढच्यांना पाच लाखांपर्यंतचे उपचार देणारं आयुष्मानचं कार्ड त्यांना मिळतं. ते काढलंच नव्हतं. आई सहासष्टच्या, त्यांच्यासाठी रेशनकार्डावर महात्मा फुले योजना. दोन्हींत ठरावीक रुग्णालयात दाखल होऊन घेतलेले ठरावीक उपचारच बसतात, महिन्याच्या गोळ्या बसत नाहीत. तरी ‘ऑपरेशन निघालं तर’ला उत्तर मिळालं.

रविवारी दुपारी मेधा बोलली. आधी भिशीचं खोटं कबूल केलं, मग कागद पुढे ठेवला. उलटा क्रम लावला की आकडे सारवासारव वाटतात.

सासूबाईंचा पहिला प्रश्न अपेक्षेप्रमाणे आला: “आणि तुझा भाऊ काय करतो?” इथे बहुतेक जणी घसरतात. भावाची बाजू घेत बसतात, नाहीतर त्याच्यावर घसरतात, आणि विषय तिकडेच जातो. आम्ही उत्तर ठरवून ठेवलं होतं. मेधा म्हणाली, “तो पुण्यात गाडी चालवतो. सणाला दोन-तीन हजार देतो, त्याच्याच्याने जास्त होत नाही. त्याने जास्त दिले तर मी कमी देईन.”

दुसरा प्रश्न नव्हता. सासूबाई उठून आत गेल्या आणि अकरा दिवस बोलल्या नाहीत. मेधाने डबे केले, ऑफिसला गेली. बाराव्या दिवशी भाजी निवडताना त्या म्हणाल्या, “पैशाचं काही नाही. मी शेजारी तिघींना सांगितलं होतं, सुनेची भिशी लागणार म्हणून. हसू केलंस माझं.” मेधाने माफी मागितली. पैशांबद्दल नाही, भिशीबद्दल. हा फरक तिने आपणहून केला आणि मला फोन करून सांगितला. त्या संध्याकाळी मी थोडी मिरवले, नाही म्हणत नाही.

एक मात्र सांगते. जिचं एटीएम कार्ड सासरच्यांच्या ताब्यात आहे, पगार परस्पर काढून घेतला जातो किंवा माहेरी पैसे दिले म्हणून हात उगारला जातो, तिने माझा हा कागद पुढे ठेवून बोलायला बसू नये. २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात आर्थिक छळही येतो. तिने आधी १८१ला फोन करावा, तालुक्याच्या संरक्षण अधिकाऱ्याला गाठावं. समजूत तिथे घालता येते जिथे नाही म्हटल्यावर फक्त अबोला मिळतो.

या गोष्टीला आता वर्ष होत आलं. सासूबाईंना अजून हे आवडत नाही, आणि त्या तसं सांगतातही. दादांनी वहीत ‘उसने’ लिहिणं सोडलेलं नाही. मेधाने त्यावरून वाद घालणं सोडलं. सासूबाईंच्या सोसायटीतल्या बायकांत पंधरा जणींची, दोन-दोन हजारांची भिशी आहे. त्यात सासूबाईंच्या नावाने मेधा पैसे भरते. खरीखुरी आहे, जानेवारीत लागणार आहे.