गुरूवर यान उतरवलं तर ते कशावर टेकेल? ढगांखाली कुठेतरी घट्ट जमीन असेलच ना?

कशावरच टेकणार नाही. एक यान खरोखरच आत सोडून झालंय. ७ डिसेंबर १९९५ला गॅलिलिओ मोहिमेतलं छोटं उपयान गुरूच्या वातावरणात शिरलं आणि पॅराशूटने खाली जाता जाता जवळपास ५८ मिनिटं माहिती पाठवत राहिलं. संपर्क तुटला तेव्हा बाहेरचा दाब पृथ्वीवरच्या हवेच्या बावीसेक पट झाला होता आणि तापमान दीडशे अंश सेल्सिअसवर गेलं होतं. एवढं करूनही ते जेमतेम दीडशे किलोमीटर खाली पोचलं होतं, आणि गुरूची त्रिज्या आहे सुमारे ७०,००० किलोमीटर! पुढे ते आणखी खाली गेलं आणि उष्णतेने वितळून त्याची वाफ झाली असणार. आदळायला काही नव्हतंच.

याचं कारण हायड्रोजनमध्ये आहे. पाण्याला पृष्ठभाग दिसतो, कारण हवा संपून पाणी सुरू होतं तिथे घनता एकदम बदलते. पण प्रत्येक पदार्थाला एक क्रांतिक तापमान असतं. त्याच्या वर वायू कितीही दाबला तरी अशी सीमा तयारच होत नाही, तो नुसता दाट होत जातो. हायड्रोजनचं क्रांतिक तापमान आहे उणे २४० अंश. गुरूवर ढगांच्या पातळीलाच साधारण उणे १०८ अंश असतात. आपल्याला ही कडाक्याची थंडी वाटेल, पण हायड्रोजनसाठी ती फारच गरम जागा आहे, आणि खाली जावं तसं तापमान वाढतच जातं. त्यामुळे वरचा विरळ वायू खाली द्रवाइतका दाट होतो, पण 'इथून द्रव सुरू' असं बोट ठेवता येत नाही.

आपल्याला दिसतात ते पट्टे म्हणजे मुख्यतः गोठलेल्या अमोनियाचे ढग. त्यांच्याखाली पाण्याचेही ढग असावेत, पण हा सगळा पापुद्रा पन्नासेक किलोमीटरांचाच. खरा गुरू त्याखाली आहे. दाब वातावरणाच्या दहा-वीस लाख पट झाला की हायड्रोजनच्या अणूंमधले इलेक्ट्रॉन मोकळे होतात आणि तो धातूसारखा वीज वाहू लागतो. हा बदलही हळूहळूच होतो. गुरूचं प्रचंड चुंबकीय क्षेत्र याच फिरत्या, वाहत्या थरातून येतं.

अगदी मध्याशी तरी खडकाचा गोळा असेल, असं पूर्वी बरेच जण धरून चालायचे. २०१६पासून जुनो यान गुरूभोवती फिरतंय. त्याच्या रेडिओ संदेशांच्या वारंवारतेतले बारीक फरक मोजून गुरुत्वाकर्षणाचा नकाशा काढला, तेव्हा वेगळंच चित्र पुढे आलं: जड मूलद्रव्यं एका जागी घट्ट न बसता हायड्रोजनमध्ये मिसळून त्रिज्येच्या बऱ्याच भागापर्यंत पसरलेली असावीत. म्हणजे गाभ्यालाही स्पष्ट कड नाही.

मग पुस्तकात त्रिज्या कुठून मोजतात? जिथे दाब १ बार, म्हणजे साधारण आपल्या समुद्रसपाटीइतका भरतो, ती पातळी सोयीसाठी शून्य धरली आहे. विषुववृत्तावर ती केंद्रापासून ७१,४९२ किलोमीटरवर येते.